मला कोणी विचारले नाही

बडोद्यातील दांडिया बाजारातला आमचा वाडा विकला, त्याला आता अडीच वर्षे होतील. विक्रीनंतर चार-पाच महिन्यांनी मला एक स्वप्न पडू लागले. मी दिंडी दरवाजाबाहेर ओटल्याशी उभी आहे, आतून हमाल एकेक सामान काढत आहेत आणि सगळ्यांत शेवटी आजीच्या वेळचा तांब्याचा बंब बाहेर येऊन टेम्पोत चढतो. मी काही बोलायला जाते, पण कोणी माझ्याकडे वळूनही पाहत नाही. याच्या पुढे स्वप्न कधी सरकले नाही. पहाटे चारच्या सुमारास जाग येई तेव्हा छातीत धडधडत असे, दात एकमेकांवर घट्ट आवळलेले असत, आणि नंतर उजाडेपर्यंत झोप लागत नसे.

घरच्यांना मी हे सांगितले तेव्हा ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. वहिनींचे म्हणणे असे की वाड्यातल्या देवांची व्यवस्था नीट झालेली नाही. एका मैत्रिणीने बंब म्हणजे पोट, म्हणजे आई, असे काहीतरी सुचवले. मी स्वतः ते वाड्याच्या आठवणींवर ढकलले होते. जन्म तिथला, लग्न होईपर्यंतचे आयुष्य तिथले, तेव्हा मन तिकडे धावणारच, असा साधा हिशेब होता. तो हिशेब चुकीचा होता हे कळायला मला चार महिने लागले, आणि ते कसे कळले तेवढेच येथे लिहीत आहे.

कारेलीबागेत पालीचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. रविवारी सकाळी त्यांच्या घरी आम्ही सात-आठ जण सुत्तपिटकाचे, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहाचे, वाचन करतो. मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, खरे सांगायचे तर वेळ घालवण्यासाठी, तिथे जाऊ लागले होते. त्या दिवशी त्यातल्या मज्झिम निकाय या भागातील पोतलिय सुत्त चालू होते. त्यात कामभोगांना सात उपमा दिल्या आहेत, आणि त्यांतील एक स्वप्नाची आहे. माणूस स्वप्नात रम्य उपवने, वने, भूमी आणि तळी पाहतो आणि जागा झाल्यावर त्याला त्यांतले काहीच दिसत नाही. वाचन संपल्यावर मी सरांना माझे स्वप्न सांगितले आणि त्याचा अर्थ विचारला.

सरांनी विचारले, “तो बंब आता कोणाकडे आहे?”

मी थबकले, कारण तो बंब वाड्याबरोबर विकला गेलेलाच नव्हता. गीझर बसवला त्याच वर्षी, म्हणजे १९९८ साली, बाबांनी तो मोडीत दिला होता. वाडा विकताना आत जे सामान होते त्यात बंब नव्हता आणि हमालही नव्हते, कारण सामान आम्ही आधीच हलवले होते. जी वस्तू पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी वितळून गेली, ती कोणीतरी नेत आहे म्हणून माझी छाती धडधडत होती.

“मग स्वप्नातला बंब कोणी घडवला? हमाल कोणी आणले? तुमच्याकडे न पाहण्याचे काम त्यांना कोणी दिले?” सर म्हणाले. “हे सगळे तुमच्याच चित्ताने उभे केले आहे. तेव्हा बंबाचा अर्थ शोधण्यात वेळ घालवू नका. बंब खोटा आहे. पण तो पकडायला जो हात पुढे झाला तो खोटा नाही. तो हात पाहा.”

त्यानंतर त्यांनी बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूच्या ‘विंशतिका’ या छोट्या ग्रंथाचा मुद्दा समजावून दिला. जे दिसते ते चित्तातच उभे राहते, बाहेर वस्तू नसते, असे वसुबंधू म्हणतो. त्याचा प्रतिपक्षी विचारतो की बाहेर वस्तू नसेल, तर ती ठराविक जागी आणि ठराविक वेळीच कशी दिसते, आणि तिचा परिणाम कसा होतो? वसुबंधू उत्तर देतो की स्वप्नात बाहेरची वस्तू नसतानाही बाग, गाव, माणसे ठराविक जागी आणि ठराविक वेळी दिसतात, आणि स्वप्नाचा परिणाम शरीरावर खराखुरा होतो. माझी चार वाजताची धडधड हे त्याचेच उदाहरण होते. ‘स्वप्नात दिसणारा विषय अस्तित्वात नाही हे न जागलेल्याला कळत नाही’ असे त्याच ग्रंथात पुढे म्हटले आहे. येथे सरांनी एक सावधगिरीही सांगितली, ती मला महत्त्वाची वाटते. वसुबंधू योगाचार या बौद्ध परंपरेचा आहे आणि तो स्वप्नाचा दृष्टान्त देऊन जागेपणीच्या जगाबद्दलही एक मोठे विधान करतो. पाली परंपरा तितके दूर जात नाही. आपल्या कामासाठी त्या मोठ्या वादाचा निकाल लावण्याची गरज नाही. स्वप्नातली वस्तू मनाने उभी केलेली असते, एवढ्यावर दोघांचा मेळ बसतो आणि तेवढे पुरेसे आहे.

पाली परंपरेत स्वप्नांचा विचार कसा होतो, हे ‘मिलिन्दपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेनाच्या तोंडी आले आहे. स्वप्न पाहणारे सहा प्रकारचे, असे तो राजा मिलिंदाला सांगतो: वातामुळे, पित्तामुळे आणि कफामुळे स्वप्न पाहणारे, देवतेच्या प्रभावाने पाहणारे, जे पुन्हा पुन्हा केले-अनुभवले त्यामुळे पाहणारे, आणि पुढे घडणाऱ्या गोष्टीची चाहूल म्हणून पाहणारे. नागसेन शेवटचा प्रकार खरा मानतो आणि बाकीचे पाच खोटे. आमच्या कामासाठी सरांनी उलट निवड केली. पूर्वसूचना आणि देवता त्यांनी बाजूला ठेवल्या, कारण त्यांची शहानिशा करण्याचे साधन आपल्याजवळ नाही. वात, पित्त आणि कफ वेगळे काढायचे, आणि उरलेल्या पाचव्या प्रकाराकडे, म्हणजे मनाला ज्याची सवय झाली आहे त्यातून येणाऱ्या स्वप्नाकडे, लक्ष द्यायचे. स्वप्न गाढ झोपेत पडत नाही आणि पूर्ण जागेपणीही पडत नाही. ते मधल्या, वानराच्या झोपेसारख्या हलक्या अवस्थेत पडते, असेही नागसेन म्हणतो. जागेपणी आपण स्वतःवर जी राखण ठेवतो ती तेव्हा ढिली असते आणि मनाची सवय उघडी पडते. अट्ठकथांमध्ये, म्हणजे पाली ग्रंथांवरील जुन्या टीकांमध्ये, तर असे म्हटले आहे की अर्हताला, म्हणजे पूर्ण मुक्त झालेल्याला, स्वप्न पडतच नाही, कारण अनित्याला नित्य आणि अनात्म्याला आत्मा समजण्याचे विपर्यास त्याच्या ठायी उरलेले नसतात.

मला दिलेली पद्धत अगदी साधी होती. उशाशी शंभर पानी वही आणि पेन्सिल ठेवायची. गजर लावायचा नाही, मध्यरात्री मुद्दाम उठायचे नाही. आपोआप जाग येईल तेव्हाच नोंद करायची आणि जाग आली नाही तर त्या दिवशी नोंद नाही. जाग आल्यावर कूस बदलायची नाही, कारण शरीर हलले की स्वप्न विरते. डोळे मिटलेलेच ठेवून आधी एवढेच पाहायचे की आत्ता जे जाणवते आहे ते सुख आहे, दुःख आहे की दोन्ही नाही, आणि शरीरात ते कोठे आहे. ही पहिली ओळ. दुसऱ्या ओळीत, स्वप्नात मला काय हवे होते किंवा काय दूर सारायचे होते. तिसऱ्या ओळीत, मी कशाला ‘माझे’ किंवा ‘मी’ म्हणून धरले होते. स्वप्नाची गोष्ट या तीन ओळींनंतर, आणि तीही दोन ओळींपेक्षा जास्त नाही.

दुःख कसे उपजते हे सांगणाऱ्या प्रतीत्यसमुत्पादातल्या साखळीचा हा क्रम आहे: वेदनेतून, म्हणजे सुखदुःखाच्या जाणिवेतून, तृष्णा आणि तृष्णेतून उपादान, म्हणजे पकड. जागेपणी या तीन कड्या इतक्या झटकन एकमेकींत अडकतात की वेदना जाणवण्याआधीच आपण वस्तू धरून बसलेलो असतो, आणि लक्ष त्या वस्तूकडे जाते. स्वप्नातून जागे होताना वस्तू नाहीशी झालेली असते आणि पकड मात्र काही क्षण शिल्लक असते. दोरी सुटली तरी मूठ आवळलेली राहावी, तसे. ते काही क्षणच कामाचे. म्हणूनच गोष्ट शेवटी लिहायची. ती आधी लिहिली की आपण पुन्हा बंबाच्या मागे धावतो.

पहिले तीन आठवडे माझ्या नोंदी जवळजवळ निरुपयोगी होत्या. पहाटे अंधारात काढलेले अक्षर वाचता येत नसे, म्हणून मी संध्याकाळी त्याची स्वच्छ प्रत काढत असे. एकदा कच्ची नोंद आणि स्वच्छ प्रत सहज शेजारी ठेवून पाहिली आणि ओशाळले. कच्च्या नोंदीत होते: ‘दुःख, घशात. थांबवायचे होते. रांग. खिडकी बंद.’ संध्याकाळच्या प्रतीत रेल्वे स्टेशन आले होते, पावसाची सर आली होती, खिडकीमागचा कारकून बाबांसारखा दिसू लागला होता आणि शेवटी एक छान करुण वाक्यही होते. स्वप्न पाहणाऱ्या मनाने एकदा खेळ मांडला होता आणि संध्याकाळी लिहिणाऱ्या मनाने त्यावर दुसरा मांडला होता. सरांनी स्वच्छ प्रत बंद करायला सांगितली. अक्षर लागत नसेल तर ती नोंद सोडून द्यावी, दुरुस्त करू नये. त्यानंतर माझ्या नोंदी कोरड्या झाल्या आणि तेव्हाच त्या काही सांगू लागल्या.

शरीरामुळे पडणारी स्वप्ने वेगळी काढणे त्या मानाने सोपे गेले, कारण आदल्या दिवशी काय खाल्ले आणि किती झोपले याचा एक शब्द मी समासात लिहीत असे. बडोद्यात राहून रात्री साडेनऊला सेव-उसळ खाण्याचा मोह टाळणे अवघड आहे, आणि त्या रात्रींची स्वप्ने ओळखू येतात. त्यांत धावपळ असते, आग असते, तहान असते, पण ‘माझे’ असे काही धरलेले नसते. तिसरी ओळ रिकामीच राहते. सर्दीच्या आठवड्यात बुडण्याची स्वप्ने पडली. अशा नोंदींवर मी आडवी रेघ मारत गेले. नागसेनाने पित्ताचे नाव उगाच घेतलेले नाही, असे मनात आले.

दुसरी अडचण अधिक नाजूक होती. सातव्या की आठव्या आठवड्यात मी स्वप्नात दादाला मारले. पुण्याला राहणारा माझा मोठा भाऊ. वाड्याचा सगळा व्यवहार त्यानेच पाहिला होता. मी त्याच्या तोंडावर वहाण फेकली आणि मला त्यात समाधान वाटले, असे माझ्या पहिल्या ओळीत स्पष्ट लिहिलेले आहे: ‘सुख, हातात.’ दोन दिवस मला स्वतःची किळस वाटत राहिली आणि मी वही उघडली नाही. रविवारी मी सरांना विचारले की स्वप्नात केलेल्या कृत्याचे कर्म लागते का.

उत्तरादाखल त्यांनी विनयपिटकातला, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या संग्रहातला, पहिला संघादिसेस नियम काढला. भिक्षूने जाणूनबुजून केलेल्या वीर्यपाताबद्दलचा तो नियम आहे आणि त्यात ‘स्वप्न वगळून’ असा अपवाद शब्दशः आहे. सरांनी तो व्याकरणाचा नियम सांगावा तितक्या सहजतेने वाचला. आमच्यातले दोघे-तिघे मात्र खाली पाहू लागले. त्या अपवादामागची कथा अशी की काही भिक्षूंना शंका आली, आणि बुद्धांनी सांगितले की स्वप्नात चेतना, म्हणजे हेतू, असते, पण ती व्यवहारात धरण्याजोगी नसते. मूळ शब्द ‘अब्बोहारिका’ असा आहे. म्हणजे दोन टोके टाळली आहेत. स्वप्नात मनात काहीच नव्हते असे म्हणता येत नाही, कारण चेतना होती. आणि त्यासाठी दंडही नाही, कारण झोपेने ग्रासलेले मन दुबळे असते. वसुबंधूही जवळपास हेच म्हणतो: स्वप्नात चित्त निद्रेने उपहत झालेले असते म्हणून त्याचे फळ जागेपणीच्या कृत्यासारखे नसते.

“वहाण फेकल्याबद्दल प्रायश्चित्त घेऊ नका,” सर म्हणाले, “आणि ती फेकलीच नव्हती असेही म्हणू नका. तिसऱ्या ओळीत काय लिहिले आहे ते वाचा.”

तिसऱ्या ओळीत मी लिहिले होते: ‘मला विचारायला हवे होते.’

चार महिन्यांच्या शेवटी वहीत अठ्ठावन्न नोंदी झाल्या होत्या. सतरा शरीराच्या म्हणून कापल्या. उरलेल्या एकेचाळीसपैकी वाड्याची स्वप्ने फक्त नऊ होती, हे पाहून मला नवल वाटले, कारण विचारले असते तर मी ‘निम्मी तरी’ असे सांगितले असते. बाकीच्या बत्तिसांत वाडा नव्हता, बंब नव्हता, दादाही क्वचितच होता. एकात भाचीच्या लग्नात पंगत बसली होती आणि वाढायला कोणी दुसरेच निघाले होते. एकात मी निवृत्त झाले त्या कार्यालयातल्या हजेरीपटावर माझे नाव खालच्या ओळीत सरकले होते. एकात कमाटीबागेच्या फाटकावर पहारेकऱ्याने सगळ्यांना सोडले आणि मला नुसतेच दुर्लक्षून पलीकडे पाहिले. विषय प्रत्येक वेळी नवा होता. तिसरी ओळ मात्र थोड्याफार फरकाने तीच येत होती: मला विचारले नाही, मला सांगितले नाही, माझी सही घेतली नाही.

मी मोजले तेव्हा बत्तिसांपैकी चौदा नोंदींत ही ओळ निघाली. सर यावर लगेच खूश झाले नाहीत. एकदा धागा दिसला की सगळीकडे तोच दिसू लागतो, असे ते म्हणाले, आणि त्यांनी एक तपासणी करायला लावली. गोष्टी वगळून त्या बत्तीस नोंदींच्या केवळ तिसऱ्या ओळी मी एका कागदावर क्रम बदलून लिहिल्या आणि वाचनाला येणाऱ्या एका काकूंना दिल्या. त्यांना माझे निष्कर्ष ठाऊक नव्हते. ‘एकसारख्या वाटणाऱ्या ओळी एकत्र करा’ एवढेच सांगितले. त्यांनी माझ्या चौदांपैकी दहाच एकत्र ठेवल्या. उरलेल्या चारांत मी स्वतःच ओढूनताणून तो अर्थ भरला होता, आणि त्या पुन्हा वाचल्यावर मला तो ओढ दिल्याचा भाग दिसलाही. दहा तर दहा. पण वाड्याच्या नऊ नोंदींतही तीच ओळ होती, आणि काकूंना मी त्या दाखवल्या नव्हत्या.

आता मला माझ्या पहिल्या हिशेबातली चूक दिसली. माझी आसक्ती वाड्याशी असती, तर वाडा नसलेल्या स्वप्नांत पकड निराळी निघाली असती. येथे वस्तू बदलत होती आणि पकड जागची हलत नव्हती. वाडा हा त्या पकडीला मिळालेला एक विषय होता. तो नसता तर पंगत होती, पंगत नसती तर हजेरीपट होता. आणि सगळ्यांत अवघड भाग असा की मला विचारले गेले नव्हते, हे खरेच नव्हते. दादाने तीनदा फोन केला होता. मी संमती दिली होती, मुखत्यारपत्र करून दिले होते, आणि विक्रीच्या दस्ताची प्रत माझ्या कपाटात आहे. स्वप्नातली तक्रार ज्या प्रसंगाविषयी होती तो प्रसंग बंबाइतकाच मनाने घडवलेला होता.

उपादानाचे चार प्रकार सांगितले आहेत: काम, दृष्टी, शीलव्रत आणि आत्मवाद, म्हणजे भोगांची, मतांची, विधी-व्रतांची आणि ‘मी’ची पकड. वाड्याची ओढ म्हणून मी जे पहिल्या प्रकारात टाकत होते, ते खरे तर चौथ्याच्या जवळचे होते. ज्याच्या होकाराशिवाय घरातले पान हलू नये असा एक ‘मी’ आत धरून ठेवलेला होता. हे वाचायला सोपे आहे. पंधरा वर्षांपूर्वी कोणी मला असे सांगितले असते तर मी मान डोलावून ते मान्य केले असते आणि विसरून गेले असते. दहा वेगवेगळ्या पहाटे स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात ते लिहिलेले असल्यामुळे नाकारणे अवघड झाले, एवढाच फरक.

जागेपणी याचा काय उपयोग झाला, हे मी फुगवून सांगणार नाही. दिवाळीच्या सुमारास दादाचा फोन आला. विक्रीतून राहिलेल्या काही रकमेची त्याने मुदत ठेव करून टाकली होती आणि ते मला आता सांगत होता. त्या क्षणी घशात तोच दाब आला, पहाटेच्या नोंदींत ‘दुःख, घशात’ म्हणून अनेकदा लिहिलेला. तो दाब मी ओळखला. यापूर्वी मी दाब न ओळखता थेट वाक्यावर गेले असते. या वेळी दाब आणि वाक्य यांच्यामध्ये, एक श्वास घेता येईल इतकी, जागा राहिली. मी व्याजदर विचारला. तीन दिवसांनी वहिनींच्या फोनवर मात्र तेच वाक्य चांगले धार लावून बोलले, तेव्हा हिशेब बरोबरीत सुटला असे म्हणावे लागेल.

या काळात एक वळण आडवाटेलाही गेले. स्वप्नांच्या नोंदींत काहीतरी सापडते आहे असे कळल्यापासून मी स्वप्नांची वाट पाहू लागले. दुपारीही झोपू लागले. रविवारी वाचनात एखादी ‘चांगली’ नोंद सांगताना माझ्या आवाजात काय येत असे ते मलाच ऐकू येई. स्वप्नातच जागे राहून ते बदलण्याची साधना तिबेटी परंपरेत आहे, सिद्ध नारोपाच्या सहा धर्मांत, म्हणजे सहा साधनांत, तिची गणना होते, हे एकाने सांगितल्यावर मी लगेच तिच्याबद्दल विचारू लागले. सरांनी एवढेच म्हटले की ती साधना गुरूकडून आणि बऱ्याच पूर्वतयारीनंतर घेण्याची आहे, आणि माझे काम स्वप्न बदलण्याचे नाही. मग त्यांनी मला एक महिना वही बंद ठेवायला लावली. त्या महिन्यात झोपण्यापूर्वी फक्त मैत्रीभावना, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याचे ध्यान, करायची होती. तिच्या अकरा लाभांत सुखाने झोपणे, सुखाने जागे होणे आणि वाईट स्वप्ने न पडणे हे पहिले तीन सांगितले आहेत. वाईट स्वप्ने थांबली असे नाही म्हणता येणार, पण झोप पुन्हा सलग लागू लागली, आणि दुपारची झोप सुटली.

महिन्यानंतर वही पुन्हा उघडली ती आता आठवड्यातून दोनच दिवसांसाठी. वाड्याचे स्वप्न अधूनमधून पडते. गेल्या महिन्यात ते पहिल्यांदाच पुढे सरकले. मी दिंडी दरवाजाशी उभी होते, आतून हमाल बंब घेऊन आले, आणि या वेळी पुढचा हमाल थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि गुजरातीत विचारले, “बेन, आ क्यां मूकुं?” मी ओटल्याकडे बोट दाखवले. त्याने बंब तिथे ठेवला.

जाग आली तेव्हा चार वाजले नव्हते, चांगले उजाडले होते. छाती शांत होती, जबडा सैल होता, आणि मला इतके बरे वाटत होते की स्वप्न सुटले, काम झाले, असेच मनात आले. कूस न बदलता मी डोळे मिटून पडून राहिले आणि मग वही ओढली. पहिली ओळ मी लिहिली: ‘सुख, सगळीकडे.’ दुसरीवर थोडा वेळ गेला. तिसरी ओळ लिहिताना पेन्सिल अडली, कारण पोतलिय सुत्तातल्या त्या माणसाने स्वप्नात रम्य उपवनेच पाहिली होती, हे तेव्हा आठवले. मग लिहिले: ‘मला विचारले.’